तीन मार्कांची कृपा

बी.ए.चा निकाल लागला त्या सकाळी कॉलेजच्या फळ्यावर माझा नंबर सेकंड क्लासच्या यादीत होता. मी तो तीनदा वाचला. सेकंड क्लासशिवाय बी.एड.ला प्रवेश नव्हता, आणि मास्तरीण होणार हे मी चौथीपासून गावभर सांगून बसले होते.

भूमहून एस.टी.नं वडील सोबत आले होते. ते दुष्काळी कामावर मुकादम. मजुरांनी खणलेला खड्डा बोटभर कमी भरला तरी पुन्हा खणायला लावत, मग तो सख्खा मेव्हणा का असेना. मेव्हणा आमच्याकडं जेवायला येत नसे.

खिडकीवर मार्कलिस्ट मिळाली. आठशेपैकी ३५७, पुढं अधिक तीन, त्यावर चांदणी. सेकंड क्लासला ३६० लागत. म्हणजे मी मुळात पास क्लासचीच! चांदणीचा अर्थ खाली इंग्रजीत होता: ग्रेस. वडिलांनी विचारलं, आणि मी शहाणीनं सांगून टाकलं, “कृपा.”

“कुणाची?”

“विद्यापीठाची.”

बौद्ध झाल्यापासून आमच्या घरात तो शब्द बंद होता. “देवाची कृपा सोडली ती विद्यापीठाची घ्यायला? चल, परत करू.”

मला रडूच फुटलं. त्यांचा शर्ट ओढेपर्यंत ते खिडकीत पोचलेसुद्धा. “साहेब, हे तीन मार्क काढून घ्या.”

मार्क वाढवा म्हणणारे क्लार्कनं शेकड्यानं पाहिले असतील. त्यानं चष्मा काढला. “दादा, असे काढता येत न्हाईत. क्लासला एकूणात एक टक्का, म्हंजी आठापर्यंत मार्क कमी पडले, की विद्यापीठ आपणहून घालतं. अर्ज न्हाय, वशिला न्हाय. पेपरांचे मार्क हायेत तसेच राहतात, नुसती बेरीज वाढती.”

“सगळ्यांला?”

“सगळ्या पेपरांत आपल्या बळावर पास झालेल्या सगळ्यांला. एका पेपरात पास व्हायला जरी टेकू घेतला असता, तर हे तीन मिळाले नसते. पाटलाच्या पोरालाबी हाच नियम.”

वडील माझ्याकडं वळले. “मंग ही कृपा कशी? हा हक्क हाय. बी.ए. झालीस अन् एवढा फरक कळंना?”

मी डोळे पुसले. पण त्यांचं बोट मार्कलिस्टवरून हळूहळू खाली सरकत होतं. ते इंग्रजीवर थांबलं. पस्तीस. पास व्हायला पस्तीसच लागत. एक जरी कमी असता, तर पास व्हायलाच टेकू लागला असता, आणि सेकंड क्लासही गेला असता, बी.एड.ही.

आता शाबासकी मिळेल असं मला वाटलं. वडिलांनी कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाले, “बी.एड. कर. पर पोरांला इंग्रजी शिकवू नको.”

मी जन्मभर इतिहास शिकवला.