शिडीचा कागद

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत विजेची कंट्रोल पॅनेल बनवण्याची माझी शेड होती, तेव्हा कामाला येणाऱ्या प्रत्येक वायरमनसमोर मी एक कागद ठेवायचो. सर्टिफिकेट बघायचो नाही. कागद पुढे सरकवायचा आणि एकच विचारायचं, हे कसलं ड्रॉइंग आहे?

तो कागद म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्याची छापील प्रत होती. एका रंगाच्या कारखान्यात विजेवर उघडझाप करणारे जुने रिले काढून त्यांच्या जागी पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, बसवला, तेव्हा तिथल्या इंजिनिअरच्या प्रिंटरमधून करकरत निघालेली. वरची मेनूची पट्टीसुद्धा तशीच छापून आलेली. खाली डाव्या हाताला एक उभी रेघ, उजव्या हाताला एक, आणि मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा. प्रत्येक पायरीवर दोन लहान उभ्या रेघांच्या जोड्या, जोडीत थोडी फट. काही जोड्यांवर तिरकी काट. पायरीच्या शेवटी कंस.

जुन्या वायरमनला त्यात लगेच सर्किट डायग्राम दिसतो, कारण फट असलेली ती जोडी कंडेन्सरच्या खुणेसारखी असते. पण ते सर्किट नाही. ती लॅडर डायग्राम, म्हणजे पीएलसीला दिलेला हुकूम. साधी जोडी विचारते, हे इनपुट चालू आहे का? काट मारलेली विचारते, बंद आहे ना? पायरीवर डावीकडून उजवीकडे सगळ्यांचं उत्तर हो आलं की कंसातलं आउटपुट चालू होतं. ओळखायचं कसं? कागदावर कुठे फ्यूज नाही, वायरचा नंबर नाही, व्होल्टेज नाही. आणि एकाच बटणाचा नंबर पाच-सहा पायऱ्यांवर येतो. खऱ्या बटणाला एवढे कॉन्टॅक्ट कोण लावील?

मला हे कोणी फुकट शिकवलं नाही. त्या इंजिनिअरच्या कंपनीला पॅनेलच्या भावात सूट दिली, आणि बदल्यात त्याच्या चार संध्याकाळी घेतल्या. सौदा माझ्या फायद्याचा होता.

एके दिवशी शेडच्या दारात माझा उस्ताद उभा राहिला. पालघरकडचा माणूस, पूर्वी या वसाहतीत त्याचा शब्द चालायचा. त्याच्या कारखान्यातले रिले निघाले आणि रिलेबरोबर तोही.

सत्तरच्या दशकात मी सातपाटीहून सायकल मारत त्याच्याकडे वायरिंग शिकायला जायचो. घरी होडी, पण मला समुद्र लागायचा. एका नव्या कारखान्यात त्याने माझ्या हातात ड्रॉइंग दिलं आणि म्हणाला, "बग आनि वायरी ओढ." मेन स्विचपासून प्रत्येक मोटरकडे एकच रेघ गेलेली. मी प्रत्येक पाइपातून एकेक वायर ओढली. दिवसभर. तो समोर बसून विड्या ओढत होता. संध्याकाळी त्याने सगळी गँग गोळा केली आणि मला विचारलं, "मोटरला फेज किती?" मी म्हणालो, तीन. "मग बाकीच्या दोन वायरी तुझा बाप होडीतून आननार काय?"

ती सिंगल लाइन डायग्राम होती. तिच्यात तिन्ही फेजसाठी एकच रेघ काढतात आणि तिच्यावर तीन तिरके फटकारे मारतात. ते फटकारे मला शाई उडाल्यासारखे वाटले होते. त्या दिवसापासून माझं नाव सिंगल फेज. म्हणजे एक फेज तुटून सिंगल फेजवर आलेली मोटर, जी नुसती घुंघुं करते आणि जळते. माझ्या लग्नाच्या वरातीत कोणीतरी ते नाव ओरडलं आणि सासऱ्याने अर्थ विचारला.

तर हा माणूस आता दारात होता.

"शेट, काम द्या," तो म्हणाला. मला तू म्हणणारा माणूस. "घरी बसून जमत नाय."

"उस्ताद, सगळ्यांना हा कागद वाचावा लागतो," मी म्हणालो. माझे चार वायरमन क्रिम्पिंगच्या पकडी खाली ठेवून जवळ आले. मी त्यांना हटकलं नाही.

त्याने चष्मा लावला. कागद दूर धरला, जवळ आणला. "सर्किट डायग्राम हाय. हे कंडेन्सर."

"किती आहेत?" मी विचारलं.

तो बोटाने मोजू लागला. एकजण फिसकन हसला. मी थांबवलं नाही, त्याला शेवटच्या पायरीपर्यंत मोजू दिलं.

"एवढे कंडेन्सर कशाला लागतात उस्ताद?"

"पॉवर फॅक्टरला," तो म्हणाला, पण आवाज खाली गेला होता. मग त्याला पायरीवर इंग्रजीत स्टॉप लिहिलेलं दिसलं. तो जरा सावरला. "हा कॉन्टॅक्ट दिसतो. पन इथे चूक हाय. स्टॉपचं बटन नेहमी मिटलेलं असतं, दाबलं की उघडतं. म्हंजे वायर तुटली तरी मशीन थांबते. मिटलेल्या कॉन्टॅक्टला काट मारतात, इथे पायजे. ड्रॉइंगवाल्याला अक्कल नाय."

बटणाबद्दल त्याचं बोलणं सोळा आणे खरं होतं. बटण मिटलेलं असतं, म्हणूनच पीएलसीला ते इनपुट कायम चालू दिसतं, आणि म्हणूनच शिडीवर ते बिनकाटीचं काढतात. त्याच्या सांगण्याप्रमाणे काट मारली असती तर मशीन कधी सुरूच झालं नसतं. एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर बाकीचं त्याने स्वतः लावलं असतं. तेवढी अक्कल त्याला होती, हे मला माहीत होतं. 

"ड्रॉइंग बरोबर आहे," मी म्हणालो. "तुम्ही चुकलात. वायरमनचं काम नाही देता येणार. हेल्परचं आहे. वायरी कापायच्या, टोकांना नंबर घालायचे. हेल्परचाच भाव."

मला वाटलं होतं कागद तोंडावर फेकून जाईल. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. "चालंल, शेट."

दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला कंडेन्सर म्हणू लागली. तो हाकेला ओ द्यायचा. मला बरं वाटायचं. खोटं कशाला लिहू?

थोडे आठवडे गेले. एका दुपारी मी उभ्या पॅनेलच्या मागे टर्मिनल तपासत होतो. पलीकडे डबे उघडले होते, सुक्या बोंबलाचा वास येत होता. उस्ताद गोष्ट सांगत होता.

"दिसभर एकेक वायर ओढतोय. घाम पुसतोय आनि ओढतोय. आनि मी बगत बसलोय. तुमचा शेट, सिंगल फेज."

हशा झाला. कोणीतरी विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?"

"सांगितलं असतं तर मजा काय राह्यली असती?"

मी पॅनेलमागून बाहेर आलो. त्याच्या हातात भाकरीचा तुकडा होता. त्याला हात धुवायलाही दिलं नाही. म्हणालो, तुमचं काम संपलं, उस्ताद. तो हळूहळू डबा बांधत उठला. दारापाशी वळला.

"आता जातोच हाय. तो कागद कसला व्हता तेवढं सांग."

पुन्हा तू. मी दार लावून घेतलं.

हसणाऱ्यांतले दोन मी दिवाळीआधी काढले. दोघांनाही शिडी नीट वाचता येत होती.