टॉसच्या आत पैसे भरा

मी फोनवरून पैसे भरायला पिन टाकणार, आणि तेवढ्यात वर नाव दिसलं. कुठल्यातरी बाईचं. कंपनीचं न्हाय, गेमचं न्हाय, बाईचं नाव, आडनावासकट. माझं बोट तसंच वर राहिलं.

लेक मांडीवर झोपली होती. अडीच वर्षांची. तिला ऐकू येत न्हाय हे आम्हाला उशिरा कळलं, कारण ती हसायची, बघायची, आम्हाला वाटायचं हट्टी हाय, हाक मारली तरी वळत न्हाय. अलिबागच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं दोन्ही कानांना मशीन लावा, लवकर लावा, बोलायला शिकायचं वय निघून चाललंय. ते वाक्य ऐकल्यापासून मला जेवण जात नव्हतं. रोज उठले की वाटायचं आजचा एक दिवस गेला. मशीनसाठी माझ्या खात्यात निम्मेच पैसे होते. नवरा होडीवर, आठ-आठ दिवस समुद्रात, फोन लागत न्हाय.

असल्यात दीर आला. त्याने फोनवर क्रिकेटचा गेम दाखवला. "वहिनी, अकरा खेळाडू निवडायचे, कप्तानाला डबल पॉइंट. डोकं पण लावायचं न्हाय, ग्रुपवर सर तयार टीम देतात. मी भरले, मला आठशे परत आले, खात्यात, हे बघा." खरंच आले होते, मी मेसेज वाचला. मी आठवीपर्यंत शिकले, वाचता येतं, पण सावकाश.

दिराने मला पण त्या ग्रुपवर घेतलं. तिथं एक कागद पण होता, वर तीन सिंहांचं चित्र, खाली शिक्का. मला वाटलं सिंह हायत म्हणजे सरकारचं हाय. मी लिंक दाबली, गेम फोनमध्ये घेतला, तो जे विचारेल त्याला हो हो करत गेले. पॅन कार्डाचा फोटो पण पाठवला. ग्रुपवरच्या सरांनी लिहिलं, आज सगळे पैसे लावा, डबलची गॅरंटी, सातला टॉस हाय, टॉसच्या आत भरा.

म्हणजे संध्याकाळी दोन्ही कानांचे पैसे. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

आणि मग ते बाईचं नाव. मी दिराला फोन लावला. "अहो, कंपनीला भरायचेत तर ह्या कोण बाई?"

"अकाउंटंट असेल वहिनी. तुम्ही ना लय घाबरट. टॉस होऊन जाईल."

मी मागे जाऊन परत भरायला घेतलं तर आता वेगळंच नाव, कुणा पुरुषाचं. लेकीला तशीच खांद्यावर टाकली आणि चालत सुटले.

एस्टीच्या थांब्याजवळ बँकेचं छोटं काउंटर हाय. एक मुसलमान बाई चालवतात, सगळा मोहल्ला आणि सगळा कोळीवाडा त्यांना आपा म्हणतो. म्हाताऱ्यांच्या पेन्शनीचे अंगठे तिथंच लागतात. दोन म्हातारे बाकावर बसले होते. मी रांग सोडून पुढे घुसले.

"आपा, हे खरं हाय का बघा. सातच्या आत भरायचेत."

आपांनी चष्मा खाली केला. "काय गो, ट्रेन चुकतेय का तुझी? बस आधी. हा गेम कुठून घेतलास?"

"लिंकवरून."

"दुकानातून न्हाय? फोनमध्ये ॲपचं दुकान असतं ना, तिथून?"

"तिथं न्हाय मिळत."

"का न्हाय मिळत? विचारलंस कधी?" त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "पंचवीस साली कायदा झाला गो. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम सगळे बंद. डोक्याचा असो, नशिबाचा असो, पैसे लावले की बंद. मोठमोठ्या कंपन्या होत्या टीम लावायच्या, त्यांनी पण पैशाचा खेळ थांबवला, आता फुकट खेळ म्हणतात. मग हा एकटाच कसा पैसे घेतो?"

मी सिंहांचा कागद दाखवला.

"हा मी तुला दहा मिनिटांत छापून देते. फोटोसकट. असला परवाना आता द्यायलाच कुणी न्हाय."

बाकावरचा म्हातारा म्हणाला, "मला पण दे गो एक, सिंहवाला. घराच्या दाराला लावतो." दुसरा हसला. मला रडू येत होतं.

मी म्हटलं, "पण दिराला आठशे मिळाले."

"मिळणारच. आमिष लावल्याशिवाय गळाला मासा लागतो का? तू कोळ्याची ना?" मग आवाज खाली केला. "तुझ्या नावावर काही दाखवतोय का गेममध्ये?"

दाखवत होता. आल्याआल्या दोनशे बोनस दिला होता.

"ते काढ. एक रुपया न भरता काढून दाखव."

मी बटण दाबलं. आधी आलं, पाच हजार भरा, मग काढता येईल. मी सरांना मेसेज केला. लगेच उत्तर, मॅडम आधी टॅक्स भरा, नंतर सगळं परत मिळेल.

"बघ," आपा म्हणाल्या. "बंद व्हायच्या आधी माझ्या भाच्याला बक्षीस लागलं होतं. टॅक्स बक्षिसातूनच कापला, उरलेले खात्यात आले. कुणी आधी खिशातून मागितला न्हाय. जो पैसे द्यायच्या आधी पैसे मागतो, तो देणारच न्हाय."

मी कसंबसं विचारलं, "मला पोलीस धरतील का? मी पॅन कार्ड दिलंय."

"खेळणाऱ्याला न्हाय धरत, चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला हाय शिक्षा. पण गेम घेताना मेसेज वाचायची परवानगी दिलीस का?"

मी सगळ्याला हो म्हटलं होतं.

आपांचा चेहराच बदलला. "नेट बंद कर. आत्ता. तुझे ओटीपी तिकडं वाचत असतील." त्यांनी स्वतःच्या फोनवरून बँकेला लावलं, माझ्या हातात दिला, मी खात्यातून फोनवरून जाणारे पैसे थांबवायला सांगितले. पलीकडच्या बाई विचारत होत्या, जन्मतारीख, शेवटचा व्यवहार, आणि माझ्या डोक्यात एकच, पैसे हायत का गेले, हायत का गेले. मग आपांनी माझा अंगठा मशीनवर लावला, शिल्लक बघितली.

होते. सगळे होते.

मी तिथंच खाली बसले. लेक जागी झाली, माझं तोंड बघून तीही रडायला लागली. गेम काढला. तक्रार कशी करायची तेही आपांनी लिहून दिलं.

घरी आले तर दीर दारात. "भरले का?" मी सगळं सांगितलं. त्याने मान वळवली. म्हणाला, "आपा काय मोठी वकील हाय?" तोपर्यंत त्याने बायकोचे शिवणाचे साठवलेले पैसे टाकले होते. ते त्याने मला चार दिवसांनी सांगितलं, जेव्हा गेममध्ये मोठा आकडा दिसत होता आणि तो काढायला टॅक्स मागत होते. मी त्याला आपांकडं घेऊन गेले, तक्रार केली. अजून काही आलं न्हाय.

माझे पैसे वाचले, पण निम्मेच होते, ते निम्मेच राहिले. हे कुणी बोलत न्हाय. सगळे म्हणतात वाचलीस. नवरा होडीवरून आला तेव्हा मी त्याला सांगितलं आणि म्हटलं, एकाच कानाचं घेऊ. तो म्हणाला, उद्या जाऊ.

डॉक्टर म्हणाले दोन हवेत, पण एक लावा, थांबू नका. उजव्या कानाला लावलं. लेकीने डोळे मोठे केले आणि जोरात रडली, ओढून काढायला बघत होती, मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले. आता कुणी हाक मारली की ती वळते, पण आवाज कुठून आला ते तिला कळत न्हाय. ती उजवीकडंच बघते. मी डावीकडं उभी असते.