झोपेचा फोटो

आमच्या अंथुर्णे गावच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि त्यांचं सगळं मीच करायची. नर्स असलेल्या माझ्या सुनेनं, घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांसाठी, मोबाईलवर बोटानं सरकवत बघायचे फोटो तयार करायला घेतले. दर दोन तासांनी कूस बदला, गुडघ्यांमध्ये उशी ठेवा, बसवूनच भरवा, असं एकेकावर लिहिलेलं. शेवटचा सांभाळणाऱ्याच्या विश्रांतीचा.

"आत्याबाई, जरा झोपल्यासारखं करा," सून मला म्हणाली.

"आगं, कूस बदलायची वेळ झाली की!"

तरी आडवी झाले, आणि खरंच डोळा लागला. जागी झाले तर दोन तास गेलेले. धावत आत गेले. आमच्या मालकांनी सुनेचे फोटो बघून आपल्या आईची कूस बदलली होती, उशीसुद्धा जागेवर.

सासूबाई म्हणाल्या, "कशाला उठलीस गं? ह्याला जमतंय की!"

तेव्हापासून दुपारची पाळी मालकांची हाय.