कात्रीआधीचा फोन

टाचण्या ओठांत धरून बोलते. टेप गळ्यात घालते आणि मग तीच टेप घरभर शोधते. चहाचा एक घोट घेऊन कप विसरते. कोणाच्याही घरी गेली की टेबलाची कड हाताने चाचपते, बोलता बोलता, यजमानांच्या लक्षातही येत नाही. आणि कापडाला कात्री लावण्याआधी गिऱ्हाइकाला फोन करते. दरवेळी. "लांबी तुम्हीच मोजलीत ना? टेप ताणून नाही ना धरली?"

मी तिला ताई म्हणते. ती खालच्या मजल्यावर राहते, मी वरच्या. मागच्या खोलीत ती जेवणाच्या टेबलांची कव्हरं शिवते, मापाप्रमाणे, आणि वेबसाइटवर विकते. तिची नणंद दुपारी येऊन ऑर्डरी भरते, पार्सलांची लेबलं छापते. वेबसाइटवरचा मजकूर माझा. साहित्याची पदवी घेऊन मी लिहिलेलं आणि लोकांनी खरोखर वाचलेलं पहिलं वाक्य म्हणजे 'पुसता येतं, सुरकुतत नाही'.

बहुतेक गिऱ्हाइकं पैसे दारात देतात. न पाहिलेल्या बाईकडून कव्हर मागवायचं, तर पार्सल समोर आल्यावरच पैसे द्यावेत असं कुणालाही वाटेल. पण ती रोख गोळा करण्याचे कुरियर कंपनी पार्सलमागे चाळीस घेते. पार्सल पाठवण्याचं भाडं वेगळं. हे चाळीस ताई स्वतः सोसत होती. एका कव्हरमागे तिच्या हातात दीडशेच्या आसपास उरायचे, त्यातूनच.

"वहिनी, तू धर्मादाय संस्था काढली आहेस का?" नणंद म्हणायची.

"वन्सं, दारात पार्सल घेऊन गेल्यावर आणखी चाळीस मागायचे? मला नाही बरं वाटत."

"तू कुठे मागणार आहेस? कुरियरवाला मागेल."

"तेच तर."

शेवटी ताई हो म्हणाली, कारण दुसरा रस्ता तिला नको होता. गणवेशांच्या कारखान्यातली तिची जुनी जागा रिकामी झाली होती. सुपरवायझरला महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं. तिथे ती पूर्वी बाह्या जोडायची. दिवसभर बाह्या. "त्याही फक्त डाव्या," ती मला म्हणाली होती. "उजव्या जोडणारी दुसऱ्या रांगेत. आमची कधी गाठच पडली नाही." खोलीचं भाडं कव्हरांतून सुटलं तर ती इथेच शिवत राहणार होती. नाहीतर डाव्या बाह्या.

नणंदेने लेबलांवर वसुलीची रक्कम चाळीसने वाढवली. मी वेबसाइटवर तसं लिहिलं, धुण्याच्या सूचनांच्या खाली, जिथे जागा होती तिथे.

मग पार्सलं परत येऊ लागली. आधी एक, मग एकदम तीन. प्रत्येकावर तेच कारण: ग्राहकाने नाकारलं. नाकारलेल्या पार्सलवर ते चाळीस लागत नाहीत, पण जाण्याचं भाडं लागतं आणि येण्याचंही. शिवाय मापाचं कव्हर दुसऱ्या कुणाच्या टेबलाला बसत नाही. ताईने ती चारही कव्हरं पलंगावर पसरली. लहान-मोठी, चार अनोळखी घरांची टेबलं.

"चाळीस लावले म्हणून," ती म्हणाली. "लावायला नको होते."

"आणि न लावता खोलीचं भाडं कुठून देणार?" नणंद म्हणाली.

ताईच्या मनात आणखी एक होतं, ते तिने मला जिन्यात सांगितलं. "माप चुकलं असेल का गं? चारही?" तिच्या हाताला तोपर्यंत कुणी नावं ठेवली नव्हती. मला वाटतं, कारखान्यापेक्षा तिला याचीच भीती जास्त होती.

शुक्रवारी तिने धीर करून त्यातल्या एका आजींना फोन लावला. स्पीकरवर. टाचण्या ओठांतून काढून.

"आजी, कव्हर परत आलं. माप चुकलं का माझं?"

"माप मी बघितलंच कुठे, बाळा? पार्सल उघडूच दिलं नाही त्याने, आधी पैसे म्हणाला. मी तुझ्या फोनप्रमाणे मोजून ठेवले होते. तो म्हणे चाळीस जास्त. मी म्हटलं, ती बाई एक सांगते आणि तू एक सांगतोस. कोण खोटं बोलतंय ते ठरवा आणि मग या."

ताईने नणंदेकडे बघितलं. नणंदेने ताईकडे.

"तू फोनवर किती सांगतेस?"

"नेहमीचेच. एकूण इतके, दारात द्या."

"अगं, लेबलावर मी वाढवलेत ना."

"मला वाटलं वेबसाइटवर लिहिलंय, लोकांनी वाचलं असेल."

मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. धुण्याच्या सूचना कुणीच वाचत नाही, हे मी तेव्हा शिकले.

"आजी, चूक आमची आहे," ताई म्हणाली. "कव्हर परत पाठवते. मी तोंडाने सांगितले तेवढेच द्या."

"मला चाळीसचं काही नाही गं. आधी सांगितलं असतंस तर काढून ठेवले असते."

फोन ठेवला आणि ताई स्टुलावर बसली. "माप बरोबर होतं," ती म्हणाली. एवढंच. मग पुन्हा एकदा म्हणाली.

उरलेल्या तिघांनाही तिने फोन केले. दोघांनी कव्हर पुन्हा मागवलं. त्यांच्याकडूनही जुनीच रक्कम. एकाने फोन उचलला नाही. ते कव्हर अजून कपाटात आहे.

पुढच्या ऑर्डरींवर चाळीस लावायचे, पण सांगायचे तिने स्वतः, कात्रीआधीच्या फोनवर. हे ठरवायला दोन मिनिटंही लागली नाहीत. बोलायला मात्र तिला जड गेलं. आधी माझ्यावर सराव केला.

"दारात रोख दिलेत तर चाळीस जास्त लागतील, ते कुरियरचे आहेत. आत्ता ऑनलाइन दिलेत तर नाही. असं?"

"असंच."

"उद्धट नाही ना वाटत?"

"नाही गं."

पहिल्या बाई म्हणाल्या, "मग लिंक पाठवा, आत्ताच देते." ताई फोनकडे बघत राहिली. दुसऱ्याने कुरकुर केली, पण दारातच देईन म्हणाला, चाळीसांसह. तिसरा म्हणाला, "राहू द्या मग." आणि ऑर्डर रद्द केली. मी धसकले. ताईने टेबलावरच्या ताग्यावर हात फिरवला. कापड अख्खं होतं. जाण्या-येण्याचं भाडं नाही, पलंगावर कुणाचं टेबल नाही.

"हा दारातूनच परत पाठवणारा होता," नणंद म्हणाली.

"कशावरून?"

"माझ्या नवऱ्यासारखा बोलत होता."

ताई हसली. कितीतरी दिवसांनी. मी वेबसाइटवरची चाळीसची ओळ वर हलवली, किमतीच्या शेजारी.

शनिवारी सकाळी तिने सुपरवायझरला फोन केला. मी ऐकत होते. "नाही जमणार, भाऊ. हो, विचार केला. काम आहे हातात." फोन खाली ठेवला आणि लगेच मशीनवर बसली, आजींच्या शेजारणीचं कव्हर होतं. आजींनीच तिला नंबर दिला होता.

दुपारी मी चहा घेऊन खाली गेले. मशीनचा आवाज नव्हता. ताई कापडावर डोकं ठेवून झोपली होती, टेप गळ्यात, सकाळचा कप तसाच भरलेला. कव्हराच्या तीन बाजू दुमडून शिवून झाल्या होत्या. चौथीला टाचण्या लावलेल्या होत्या, आणि सुई तिथेच कापडात रुतून थांबली होती.

मी चहा परत वर नेला.