हॅलोनंतरची शांतता

लॉर्ना पेट्रिशिन कधीच एका जागी बसली नाही. कॅनडात विनिपेगच्या एका कंपनीत ती ग्राहकांचे फोन घ्यायला लागली तेव्हा हेडफोनची वायर जिथवर पोचेल तिथवर ती फिरत बोलायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, "लॉर्ना, कंपनीचा गालिचा झिजवलास तू!" कंपनी घरं तापवायच्या फर्नेस भाड्याने देते. तिथल्या हिवाळ्यात फर्नेस बंद पडली की माणूस फोनवर आधी रडतो आणि मग नाव सांगतो. रडणं चालू असतानाच कुठला प्रश्न विचारायचा हे लॉर्नाला बरोबर कळायचं.

म्हणूनच चॅट सुरू करायचं ठरलं तेव्हा ते काम तिच्याकडे आलं. ग्राहकाने कंपनीच्या साइटवर आपल्या खात्यात शिरून लिहायचं आणि यंत्राने उत्तर द्यायचं. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात हसऱ्या बाईचा फोटो, खाली नाव 'मॉली', आणि ओळ, 'मी तुम्हाला काय मदत करू?' फोटो लॉर्नानेच निवडला होता. कोरडं वाटू नये, एवढाच तिचा विचार.

पुढे नोव्हेंबरात वरून हुकूम आला, की डिसेंबरपासून शनिवार-रविवारचा फोन बंद. चॅट शंभरातली सत्तर गाऱ्हाणी माणसाशिवाय सोडवतं, मग फोन कशाला हवा? फक्त चॅट सांभाळणाऱ्या व्यक्तीने 'तयार आहे' म्हणून सोमवारी सही करायची होती. ती व्यक्ती म्हणजे लॉर्ना.

तिला खूश व्हायला हवं होतं, पण तिने तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. सत्तर जरा जास्तच गुळगुळीत वाटत होते. फोनवर असताना कितीतरी लोक नुसते 'बाई, ऐका ना' म्हणूनच थांबायचे. ते लोक या आकड्यात कुठे गेले?

शुक्रवारी ती आकड्यांचं काम बघणाऱ्या रेनोच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. रेनो सेंट बोनिफास या फ्रेंच वस्तीतला, सावकाश बोलणारा.

"बस की."

"नको. मला एक वेगळं करून दे. पहिलंच वाक्य मॉलीला कळलं नाही, अशी संभाषणं एका बाजूला. कळलं ती दुसऱ्या. मग दोन्हीकडे पहिल्या उत्तरानंतर किती लोक उठून गेले ते बघ."

"उठून गेलेले वाईटच असतात असं नाही. वेळ विचारली, कळली, गेले."

"म्हणून तर दोन्ही बाजू मागतेय."

रेनोने बराच वेळ कीबोर्डच्या कळा बडवल्या. ती खिडकीपर्यंत जाऊन परत आली, पुन्हा गेली.

"लॉर्ना, मला चक्कर येतेय. ये इकडे." त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. पहिलं वाक्य कळलं होतं तिथे दहातला एखादाच निघून गेला होता. कळलं नव्हतं तिथे दहातले सहा. एक उत्तर वाचलं आणि गप्प. "आणि हे सगळे सुटलेल्यांत मोजलेत," रेनो हळूच म्हणाला.

"का?"

"माणूस मागितला नाही, म्हणजे प्रश्न सुटला. व्याख्याच तशी आहे."

ती खाली बसली. रेनोने तिला बसलेली बहुधा पहिल्यांदाच पाहिली.

मग ती संभाषणं वाचत सुटली. 'हाय.' त्यावर मॉली, 'माफ करा, मला समजलं नाही. कृपया प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारा.' शांतता. 'फर्नेस.' तेच उत्तर. शांतता. 'पुन्हा तसंच करतेय.' तेच. शांतता. चूक आपली की लोकांची, हेच तिला कळेना. इतकं अर्धवट लिहिल्यावर यंत्राने तरी काय करावं? शनिवारी तिने कपाट आवरलं, पायऱ्यांवरचा बर्फ काढला, पुन्हा कपाट उपसलं. चैन पडेना.

रविवारी ती शहराच्या नॉर्थ एंड भागात स्टेफ्का मावशीकडे गेली. मावशी टेबलावर पिठाच्या पाऱ्या लाटून त्यांत बटाटा भरत होती. घर गारच होतं.

"मावशी, फर्नेस बिघडलीये का?"

"धाप टाकतेय. तुझ्या त्या मॉलीला सांगणार होते."

"मग सांग ना."

मावशीने पिठाचे हात पुसले, टॅबलेट पुढे ओढला आणि एका बोटाने लिहिलं, 'हॅलो.' मग हात मांडीवर ठेवून ती वाट बघत बसली. मॉलीचं तेच उत्तर आलं, 'माफ करा, मला समजलं नाही.'

"बघ! हॅलो कळत नाही बाईला. उद्धट कुठली."

"अगं, पुढे लिही ना, काय झालंय ते."

"का लिहू? दारात पाय ठेवल्याबरोबर कुणी रडगाणं गातं का? आधी हॅलो, ती म्हणणार हॅलो, मग बोलणं. फोटो लावलाय, नाव लावलंय, आणि साधी रीत नाही!" मावशीने टॅबलेट पालथा ठेवला. "उद्या फोन करीन."

लॉर्ना भरायला घेतलेली पारी हातात तशीच धरून राहिली. चेहरा आणि नाव आपणच दिलं, म्हणून लोक माणसाशी बोलावं तसं तुकड्यातुकड्याने बोलतात. आणि पहिल्या तुकड्यालाच आपण दार लावून घेतो. ते सहा जण अस्पष्ट बोलत नव्हते. ते नुकतेच बोलायला लागले होते.

"भर की ती," मावशी म्हणाली. "वाळली."

सोमवारी डेरेक होल्मग्रेन, तिचा साहेब, कागद पुढे सरकवून म्हणाला, "कर सही, मग कॉफी पाजतो."

"नाही करत."

"आता काय?"

तिने सहा आणि एकची गोष्ट सांगितली. डेरेक हसला. "इतकेच चिडले असते तर त्यांनी माणूस मागितला असता."

"मागणार कसा? ते बटण मॉली तीनदा चुकल्यावर दिसतं. हे लोक पहिल्याच चुकीला जातात. त्यांनी ते बटण पाहिलंच नाही, आणि आपण म्हणतो त्यांनी मागितलं नाही."

"निम्मे सहज चाळा म्हणून लिहीत असतील."

"असतील काही. पण रेनोने आज सकाळी चॅटची आणि फोनची खाती जुळवून पाहिली. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांनी त्याच दिवशी फोन केलाय. उरलेल्यांचं काय झालं ते मला माहीत नाही, डेरेक. आणि शनिवारचा फोन गेला की या निम्म्यांचंही कळणार नाही."

डेरेकने कागद मागे ओढला. "वर काय सांगू मी? आमच्या लॉर्नाला झोप लागत नाही म्हणून?"

"सांग. खरंच आहे ते."

शनिवार-रविवारचा फोन हिवाळाभर राहिला. कॉफी मात्र मिळाली नाही, आणि नाताळच्या मेजवानीत डेरेक तिच्या टेबलाकडे फिरकला नाही. तिने फोटो आणि नाव काढून टाकलं. हॅलोला हॅलो, आणि लगेच चार पर्याय ठेवले, घर गार आहे, पाणी गळतंय, बिल, आणि दुसरं काही. नुसतं 'फर्नेस' लिहिलं तर 'बंद पडलीये की आवाज करतेय?' असा प्रश्न. माणसाचं बटण पहिल्यापासून समोर.

फेब्रुवारीत उठून जाणारे सहाचे दोन झाले. पण सत्तरही घसरून पन्नासवर आले, कारण आता लोक खरोखरच माणसापर्यंत पोचत होते. डेरेकने तो तक्ता लाल वर्तुळ काढून तिला पाठवला. खाली एकच ओळ, 'अभिनंदन म्हणू की काय म्हणू?'

त्या शनिवारी मावशीने लॉर्नासमोरच पुन्हा 'हॅलो' लिहिलं. उत्तर वाचून तिने पहिल्या पर्यायावर बोट ठेवलं आणि मान हलवली. "सुधारली बाई. कुणीतरी कान उपटलेले दिसतायत."

लॉर्ना हसली. मग उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली.

"आता काय झालं?"

"अजून दोन जातात, मावशी."

"बस गं," मावशी म्हणाली. पण लॉर्ना कोट चढवत होती. फोनवरच्या बायका दुपारी कामावर असतात, आणि हॅलो म्हणून गप्प बसणाऱ्याला त्या काय विचारतात, ते तिला पुन्हा एकदा ऐकायचं होतं.