घट्ट बसलेलं बूच

वरठीजवळच्या शाळेत मी प्रयोगशाळा सहायक म्हणून नवीनच लागले होते. उद्या बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा, आणि कॉस्टिक सोड्याच्या एकुलत्या बाटलीचं काचेचं बूच हलत नव्हतं. मदत मागायची लाज वाटत होती, म्हणून मी एकटीच पिळत बसले होते.

रसायनशास्त्राच्या बाई आल्या. "काहून एवढा जोर लावून राहिली व? बाटलीची मान मोडंल अन् हात कापंल. आत काय आहे ते आधी वाच. स्पिरिट राहिलं असतं, तर जवळ आगही आणायची नाही."

त्यांनी मला चष्मा घालायला लावला, बाटली ट्रेमध्ये ठेवली आणि गरम पाण्यातून पिळलेलं फडकं फक्त मानेभोवती गुंडाळलं. मान तापून किंचित फुगते, आतलं बूच अजून थंड असतं. मग लगेच त्यांनी मला चाकूच्या लाकडी मुठीने बुचाला बाजूंनी हलके ठोके द्यायला सांगितलं.

"हळू व पोरी, नारळ नाही फोडायचा!"

मी हसले, आणि बूच फिरलं. सोडा काचेला धरून बसतो, म्हणून बाईंनी तिथे रबराचं बूच बसवलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षा वेळेवर सुरू झाली. बाईंनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. मी त्यांना फक्त चहा नेऊन दिला. 'थँक यू' म्हणायचं धैर्य तेव्हा झालं नाही.