अबोली दिसणारी कुंची

खालापुरात तहसीलसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. दाखल्यांसाठी येणाऱ्यांचे पासपोर्ट फोटो काढण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे पांढऱ्या पार्श्वभूमीचं मला कुणी शिकवू नये, असं वाटायचं. पुढचं सगळं या वाटण्यामुळे झालं.

धाकटी बहीण जवळच्याच गावात दिलेली. ती बाळांच्या कुंच्या शिवते. फिक्या गुलाबी सुती कापडाच्या, कडेला पांढरी लेस. त्या ऑनलाइन विकायच्या ठरल्या आणि फोटोंचं काम माझ्याकडे आलं. पहिला फोटो निव्वळ पांढऱ्यावरच हवा, असा साइटचा नियम.

कागदाचा रोल आमच्याकडच्या दमट हवेत फुगतो, म्हणून बॅनरवाल्याकडून कोऱ्या फ्लेक्सचा तुकडा आणला. भिंतीवरून टेबलावर असा उतरवला, की मध्ये कुठे रेघ दिसू नये. डोक्याचा आकार यावा म्हणून कुंचीत फुगा भरला. हवा हळूहळू जायची आणि फोटो जमेपर्यंत बाळाचं डोकं बसलेलं असायचं. एका बाजूने फ्लॅश मारला, की दुसरीकडे काळीकुट्ट सावली. फ्लॅशपुढे मलमल ताणली, समोर थर्माकोल उभा केला, तेव्हा कुठे ती मऊ झाली. मग लेस दिसेना, पांढऱ्यावर पांढरी. मोबाइलच्या ॲपने मागचं कापायला गेलो, तर त्याने लेस कुरतडली आणि सावलीही पुसली. कुंची हवेत तरंगायला लागली. वैतागून कुंची मागच्या फ्लेक्सपासून लांब ओढली, त्या फ्लेक्सवर मारलेला दुसरा, बिनमलमलीचा फ्लॅश कमी केला आणि चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे उभे केले. कडांवर त्यांची बारीक गडद रेघ उतरली आणि लेसची वीण सुटी दिसू लागली.

एवढ्या खटपटीत रंगाकडे मी बघितलंच नाही. कॉम्प्युटरवर फ्लेक्सवर क्लिक करून सांगितलं, हा पांढरा. बाकीचे रंग त्यावरून त्याने लावले.

कुंच्या विकल्या गेल्या आणि परत यायला लागल्या. फोटोत अबोली आहे, हातात गुलाबी आली, असं प्रत्येकीचं म्हणणं. बहिणीने कर्जतच्या कापडवाल्याला धरलं. आधीचा तागा वेगळा होता, तुम्ही मला भलताच दिलात, म्हणून भर दुकानात भांडली. उधारीवर लेस देणारा, चांगला तागा तिच्यासाठी बाजूला ठेवणारा माणूस तो. त्याने तिला डोळे तपासून घ्यायला सांगितलं आणि दोघांचं बोलणं तुटलं. तशात साइटचा इशारा आला, तक्रारी थांबल्या नाहीत तर कुंची यादीतून काढू.

परत आलेली एक कुंची घेऊन ती स्टुडिओत आली.

"दादा, हिचा फोटो काढ. जुन्या फोटोच्या बाजूला ठेवून दाखवते त्याला. लय बोललाय मला."

मी काढला. तोच फ्लेक्स, तेच फ्लॅश, तोच क्लिक. पडद्यावर अबोली कुंची आली आणि टेबलावर तीच गुलाबी पडलेली होती. त्या क्षणी मला कळलं. पडदा मी माझ्याकडे वळवला आणि कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डात बिघाड आहे, उद्या काढू, असं म्हणालो. ती कुंची पिशवीत टाकून उन्हात निघून गेली. बहिणीशी इतकं सरळ खोटं मी पहिल्यांदा बोललो. चूक कबूल करण्यापेक्षा कापडवाला चोर ठरला तर मला चालणार होतं.

संध्याकाळी कुंचीच्या जागी रंग जुळवायचं राखाडी कार्ड ठेवून फोटो काढला आणि फ्लेक्सऐवजी त्याच्यावर क्लिक केलं. तोच हिशेब आधीच्या फोटोला लावला, तर त्यातली कुंची गुलाबी झाली, फ्लेक्स निळसर दिसला. धोतराला नीळ द्यावी तसं फ्लेक्स उजळ दिसायला काहीतरी घातलेलं असतं, मलमल नसलेल्या उघड्या फ्लॅशमध्ये ते निळं चमकतं. मी त्या निळ्यालाच पांढरा म्हणालो होतो. तो निळा काढता काढता कुंचीवर पिवळा चढला होता.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं, मेमरी कार्डाचं खोटंसुद्धा. ती मशीनवर होती. शिवण संपवून तिने दोरा तोडला.

"मला नको सांगू," ती म्हणाली. "त्याला सांग. दुकानात, माणसं असतील तवा."

तिला घेऊन कर्जतला गेलो आणि भर दुकानात सांगितलं. कापडवाल्याने गिऱ्हाइकाचं कापड फाडता फाडता ऐकून घेतलं आणि तिला विचारलं, "मंग डोळे बरं हायत ना तुमचं?" ती हसली नाही, पण तागा उघडून बघायला लागली.

नवे फोटो आता राखाडी कार्डावर रंग ठरवून होतात, मागचा फ्लेक्स नंतर वेगळा पांढरा करतो. यादीतून कुंची गेली नाही. फक्त फोटो चढवण्याआधी बहीण येते, हातातली कुंची पडद्याला टेकवते आणि बराच वेळ दोन्हींकडे बघते. पूर्वी ती फोटो न बघताच हो म्हणायची.